दाखल्याचे भाषांतर: अक्षर, शिक्का आणि साक्ष

परदेशी व्हिसासाठी जोडावयाचा विवाहाचा अथवा जन्माचा दाखला मराठीत असेल, तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर द्यावे लागते, हे आता बहुतेक कुटुंबांना ठाऊक आहे. त्यातील ‘प्रमाणित’ या शब्दाचा अर्थ मात्र पुष्कळदा अर्ज परत आल्यावरच उलगडतो. दाखला कोणाकडून तरी इंग्रजीत टंकलिखित करून घ्यावा, त्यावर नोटरीचा गोल शिक्का उमटवून घ्यावा आणि निश्चिंत व्हावे, अशी समजूत बाजारपेठेत सर्रास आढळते. शिक्का जितका ठसठशीत तितका कागद वजनदार, ही व्यापाऱ्याची जुनी श्रद्धा आहे. मुद्रांक, पावती आणि करारनाम्याच्या व्यवहारात ती फारशी चुकीचीही नव्हती. भाषांतराच्या बाबतीत मात्र ती तोकडी पडते. येथे शिक्क्याआधी हवे असते ते भाषांतर करणाऱ्या माणसाचे स्वाक्षरीचे निवेदन, आणि त्या निवेदनाला खरे ठरवील असे शब्दाशब्दाचे, शिक्क्याशिक्क्याचे भाषांतर.

उदाहरणादाखल पनवेलमधील कापडाच्या व्यापारातले एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. मुलाचा विवाह २०१३ च्या फेब्रुवारीत झाला, नोंदणी त्याच वर्षी एप्रिलमध्ये पनवेल नगरपरिषदेत झाली. २०१५ साली नातू जन्मला. त्याचीही नोंद नगरपरिषदेतच. आता मुलगा कामाच्या व्हिसावर इंग्लंडमधील लेस्टर येथे गेला असून सून व नातू यांना आश्रित म्हणून अर्ज करावयाचा आहे. नाते सिद्ध करणारे कागद दोनच: सुनेचे विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नातवाचा जन्माचा दाखला. दोन्ही मराठीत.

ब्रिटनचा नियम थोडक्यात असा. दस्तऐवज इंग्रजीत अथवा वेल्श भाषेत नसेल, तर त्यासोबत पूर्ण भाषांतर हवे, आणि ते तेथील गृह खात्याला स्वतंत्रपणे पडताळता आले पाहिजे. त्यासाठी भाषांतरावर चार गोष्टी लागतात: हे मूळ दस्तऐवजाचे अचूक भाषांतर आहे अशी भाषांतरकाराची लेखी ग्वाही, भाषांतराचा दिनांक, भाषांतरकाराचे पूर्ण नाव व स्वाक्षरी, आणि त्याचा संपर्काचा तपशील. या यादीत नोटरी नाही, मुद्रांक नाही आणि मंत्रालयाचा शिक्काही नाही. ‘पडताळता येणे’ या दोन शब्दांतच सारा मतितार्थ आहे. अधिकाऱ्याला शंका आली, तर ज्याने भाषांतर केले त्या व्यक्तीला फोन करून अथवा पत्र पाठवून विचारता आले पाहिजे. म्हणून नुसते ‘अधिकृत भाषांतरकार’ असे कोरलेला रबरी शिक्का, ज्यावर ना नाव ना पत्ता, कितीही नीट उमटला तरी उपयोगाचा नाही.

जर्मनीसारख्या देशांत न्यायालयापुढे शपथ घेतलेल्या भाषांतरकारांची अधिकृत यादी असते आणि त्यांच्या शिक्क्यालाच कायद्याचे बळ असते. आपल्याकडे व्हिसाच्या कागदांसाठी तशी शपथबद्ध भाषांतरकारांची सर्वमान्य यादी नाही. त्यामुळे येथील भाषांतराचे वजन त्या माणसाच्या लेखी जबाबदारीवर उभे राहते. दोन्ही भाषा उत्तम जाणणारी व आपल्या नावाने उत्तर द्यायला तयार असलेली व्यक्ती, मग ती भाषांतराचा व्यवसाय करणारी असो वा एखाद्या भाषांतरसंस्थेची प्रतिनिधी असो, चालू शकते. घरातील उच्चशिक्षित पुतण्याकडून काम करून घेण्याचा मोह मात्र टाळावा. इंग्रजी त्याचे उत्तम असेल. पण अर्जदाराच्या कागदाला अर्जदाराच्याच नातलगाने साक्ष देणे ‘स्वतंत्र’ या शब्दात बसत नाही. कॅनडाने तर आई-वडील, पती-पत्नी, भावंडे, मुले, आजी-आजोबा, काका-मामा, आत्या-मावशी, पुतणे-भाचे आणि सख्खी चुलत-मावस भावंडे यांनी केलेले भाषांतर स्पष्ट शब्दांत नाकारले आहे.

आता प्रत्यक्ष दाखला हाती घ्यावा. महाराष्ट्रातील विवाह नोंदणी प्रमाणपत्र १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमाखाली दिले जाते. मजकूर थोडा असतो: पतीचे नाव व राहण्याचे ठिकाण, पत्नीचे नाव व राहण्याचे ठिकाण, विवाह कोणत्या दिवशी कोठे झाला, आणि नोंदवहीच्या कोणत्या खंडात कोणत्या अनुक्रमांकावर कोणत्या दिवशी त्याची नोंद झाली. खाली निबंधकाची सही व शिक्का, शिवाय उभयतांची छायाचित्रे. एवढ्याशा मजकुरात तीन निरनिराळे दिनांक दडलेले असतात: विवाहाचा, नोंदणीचा आणि प्रमाणपत्र दिल्याचा. घाईने केलेल्या भाषांतरात नोंदणीचा दिनांक विवाहाच्या जागी जाऊन बसतो, आणि अर्जात फेब्रुवारी तर भाषांतरात एप्रिल अशी विसंगती तयार होते. हाताने भरलेल्या जुन्या दाखल्यांत देवनागरी १ आणि ९ यांचीही गल्लत होते. अंकांची मांडणी हा आणखी एक सापळा आहे. ०५/०३/२०१३ हा दिनांक पनवेलमध्ये आणि लंडनमध्ये पाच मार्च असा वाचला जातो, अमेरिकेत तोच तीन मे होतो. महिना नेहमी अक्षरांत लिहावा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

दुसरा खास पनवेलचा सापळा कार्यालयाच्या नावात आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. त्यापूर्वी शहरात नगरपरिषद होती. आपल्या उदाहरणातील दोन्ही दाखले २०१३ व २०१५ चे, म्हणजे नगरपरिषदेचे. आज मात्र टंकलेखकाच्या संगणकात महानगरपालिकेचा नमुना तयार असतो, आणि जुन्या दाखल्याच्या डोक्यावरही नकळत महानगरपालिकेचेच इंग्रजी नाव चढते. मग गोल शिक्क्यातील मराठी अक्षरे एक सांगतात आणि भाषांतराचा मथळा दुसरे सांगतो. भाषांतरात तेच नाव यावे जे कागदावर आहे. खारघरसारख्या गावांचे जुने दाखले तर ग्रामपंचायतीचे आहेत, कारण ती गावे नंतर महानगरपालिकेत आली. जुन्या पिढीच्या दाखल्यांत जिल्हा ‘कुलाबा’ असा असतो. १ जानेवारी १९८१ पासून त्याचे नाव रायगड झाले. आजोबांच्या जन्मदाखल्यावर कुलाबा असेल, तर भाषांतरातही कुलाबाच राहिला पाहिजे. वाचकाच्या सोयीसाठी ‘आताचा रायगड जिल्हा’ अशी टीप द्यावयाची असेल, तर ती चौकटी कंसात व ‘भाषांतरकाराची टीप’ असे म्हणून द्यावी, म्हणजे मूळ कोणते व भर कोणती हे वेगळे राहते.

भाषांतर ‘पूर्ण’ असले पाहिजे याचा खरा अर्थ शिक्क्यांपाशी येऊन कळतो. अननुभवी माणूस रकाने भाषांतरित करतो आणि शिक्के, सह्या, समासातील नोंदी सोडून देतो. जणू ते कागदाचे अलंकार आहेत. वास्तविक परक्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने दाखला कोणी दिला हे सांगणारा मजकूर शिक्क्यातच असतो, आणि ती देवनागरी अक्षरे त्याला वाचता येत नाहीत. म्हणून भाषांतरात प्रत्येक शिक्का ज्या जागी आहे त्या जागी चौकटी कंसात नोंदवतात: गोल शिक्का, त्यातील मजकूर पनवेल नगरपरिषद, जिल्हा रायगड, आयताकृती शिक्का, त्यातील मजकूर विवाह निबंधक. सहीच्या जागी ‘सही आहे, नाव वाचता येत नाही’ असे लिहितात. छायाचित्राच्या जागी ‘पतीचे छायाचित्र, त्यावर अंशतः शिक्का’ असे नोंदवतात. शिक्का पुसट असेल तर जेवढी अक्षरे दिसतात तेवढीच द्यावीत व उरलेल्याबद्दल ‘अवाच्य’ म्हणावे. अंदाजाने शिक्का पुरा करणे हे भाषांतराच्या नावाखाली केलेले खोटे आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. जन्मदाखल्याच्या तळाशी प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद झाल्याची खात्री करण्याचे आवाहन छापलेले असते. नातवाच्या व्हिसाशी त्याचा काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तेही भाषांतरात यायला हवे, कारण भाषांतरकाराने स्वाक्षरी करून ‘पूर्ण’ हा शब्द वापरलेला असतो. शेऱ्याचा रकाना रिकामा असेल तर ‘रिकामा’ असे नोंदवावे. तो गाळला तर काही लपवले की काय अशी शंका उरते. कागदाची मागची बाजू पाहायला विसरू नये, तेथेही कधी नोंद अथवा शिक्का असतो.

आपल्याकडील संक्षेपांचीही गंमत आहे. ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’, ‘रा.’ हे सहज उलगडतात. ‘कु.’ व ‘सौ.’ यांनाही इंग्रजीत जवळचे शब्द आहेत. ‘चि.’ला मात्र नाही. तो गाळण्याऐवजी उच्चारानुसार ठेवून तरुणांच्या नावामागे लावण्याचे आशीर्वादपर उपपद अशी एका ओळीची टीप देणे बरे. दाखल्यावर धर्माची नोंद ‘जैन’ अशी असेल तर भाषांतरात जैनच राहील. जैन विवाहांनाही १९५५ चा हिंदू विवाह अधिनियमच लागू होतो, हे खरे. पण त्यावरून भाषांतरात धर्म बदलण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न नावांचा. देवनागरीत ‘शहा’ लिहिलेल्या आडनावाला ठरलेले एकच इंग्रजी रूप नाही. कोणाच्या पासपोर्टवर ते एस-एच-ए-एच असे चार अक्षरी असते, कोणाच्या पासपोर्टवर शेवटी आणखी एक ‘ए’ असतो. ‘संघवी’, ‘ओसवाल’, ‘दोशी’ यांचेही तसेच. येथे भाषांतरकाराला एक वैध मोकळीक असते: ज्या व्यक्तीचे नाव आहे तिच्या पासपोर्टवरील अक्षरे पाहून तोच वर्णक्रम वापरावा. मूळ अक्षरे आणि पासपोर्टवरील अक्षरे एकाच उच्चाराची आहेत, तोवर यात अप्रामाणिकपणा काहीच नाही. म्हणून भाषांतराला देताना दाखल्याबरोबर पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची प्रत द्यावी. शेवटच्या पानावर आई-वडिलांची व जोडीदाराची नावे असतात. मुलाचे, सुनेचे आणि नातवाचे आडनाव तिन्ही कागदांत एकाच वर्णक्रमाने आले पाहिजे.

पण उच्चारच वेगळा असेल, तर ही मोकळीक संपते. नातवाच्या जन्मदाखल्यात आईचे नाव ‘मीना’ आहे आणि पासपोर्टवर ती ‘मीनाक्षी’ आहे, अशी कल्पना करावी. सासरे भाषांतरकाराला म्हणतात, ‘भाऊ, तेवढे मीनाक्षीच लिहा, सगळ्यांना ठाऊक आहे.’ जाणता भाषांतरकार उत्तर देतो, ‘काका, मी लिहिले तरी मूळ कागद मीनाच म्हणणार, आणि तो कागद अर्जाला जोडलेलाच आहे. खाली सही माझी आहे.’ असा फरक मुळातच मिटवावा लागतो. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ याच्या कलम १५ प्रमाणे निबंधकाकडे पुराव्यासह दुरुस्तीचा अर्ज करता येतो; तोवर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडण्याचा मार्ग असतो. दुरुस्ती झाल्यास दाखल्याची नवी प्रत घेऊन तिचेच भाषांतर करावे.

विवाहानंतर सुनेचे पाळण्यातील नाव बदलण्याची प्रथा असलेल्या घरांत हाच प्रश्न अधिक टोकदार होतो. विवाह प्रमाणपत्रात माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे नवे नाव, आणि दोघांना जोडणारा कागद कोणता? महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात दिली असेल तर तो दुवा होतो, आणि ती मराठीत असेल तर तिचेही भाषांतर लागते. अशी जाहिरात कधी दिलीच नसेल, तर हे व्हिसाच्या अर्जाच्या आदल्या आठवड्यात उमगणे फार महागात पडते.

एवढे झाल्यावर निवेदन. ते भाषांतराच्या शेवटी अथवा स्वतंत्र पानावर इंग्रजीत लिहिले जाते. त्याचा आशय असा असावा: ‘मी, अमुक, असे प्रमाणित करतो की मला मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषा चांगल्या अवगत आहेत, पनवेल नगरपरिषदेने अमुक दिनांकास दिलेल्या, अमुक क्रमांकाच्या विवाह नोंदणी प्रमाणपत्राचे हे भाषांतर पूर्ण असून मूळ दस्तऐवजाचे सत्य व अचूक भाषांतर आहे.’ खाली पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी, ईमेल, भाषांतराचा दिनांक व स्वाक्षरी. यातील दस्तऐवजाचा क्रमांक व दिनांक हा भाग अनेक छापील नमुन्यांत नसतो, आणि तोच कळीचा आहे. त्याच्याविना ते निवेदन कोणत्याही दाखल्याला चिकटवता येते. दोन दाखले असतील तर दोन स्वतंत्र निवेदने असावीत. ज्या प्रतीवरून भाषांतर केले तिची छायाप्रत भाषांतराला जोडून तिच्यावरही भाषांतरकाराने स्वाक्षरी करावी व पानांवर ‘दोनपैकी पहिले’ असे क्रमांक घालावेत. दोन्ही भाषा अवगत असल्याचे वाक्य ब्रिटनच्या वरील चार गोष्टींत नाही, परंतु अमेरिकेचा नियम ते आवर्जून मागतो: भाषांतर पूर्ण व अचूक असल्याची ग्वाही आणि शिवाय स्वतःच्या भाषिक पात्रतेची ग्वाही. एकदाच लिहून ठेवले तर दोन्हीकडे चालते. ऑस्ट्रेलिया भारतात केलेल्या भाषांतरावर भाषांतरकाराची पात्रता व अनुभवही लिहिलेला मागतो.

मग नोटरीचे काम काय? नोटरी अधिनियम, १९५२ च्या कलम ८ प्रमाणे नोटरीला दस्तऐवजाचे भाषांतर करण्याचा व ते पडताळण्याचा अधिकार आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. व्यवहारात मात्र बहुधा तो भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्र आपल्यासमोर करून घेतो, म्हणजे अमुक व्यक्तीने माझ्यापुढे शपथेवर सही केली एवढीच साक्ष देतो. भाषांतर बरोबर आहे की नाही, याचा त्या शिक्क्याशी संबंध नसतो. कॅनडाला भाषांतरकार तेथील मान्यताप्राप्त संस्थेचा सदस्य नसेल तर असे प्रतिज्ञापत्र हवेच असते, आणि त्यासोबत मूळ दाखल्याची प्रमाणित प्रतही. नोटरीची मोहोर नियमाप्रमाणे पाच सेंटिमीटर व्यासाची, साधी गोल असते; तिच्यात नोटरीचे नाव, कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि नेमणूक करणाऱ्या शासनाचे नाव असावे लागते. हे तपशील वाचता येतात का, एवढे तरी कचेरीतून उठण्यापूर्वी पाहून घ्यावे. आणि भाषांतरकार स्वतः हजर नसताना त्याच्या सहीवर शिक्का देण्याची तयारी कोणी दाखवली, तर तो कागद घेऊ नये.

ॲपोस्टिल हा आणखी निराळा विषय, तरी एक क्रम सांगण्याजोगा आहे. भारत १४ जुलै २००५ पासून हेग कराराचा सदस्य आहे. ज्या देशांना ॲपोस्टिल लागते त्यांच्यासाठी दाखल्यावर आधी राज्य शासनाचे व नंतर परराष्ट्र मंत्रालयाचे प्रमाणीकरण होते. हे शिक्केही दाखल्याच्याच कागदावर येतात. भाषांतर आधी करून घेतले, तर नंतर आलेले शिक्के त्यात नसतात आणि ‘पूर्ण’ हा शब्द पुन्हा खोटा पडतो. म्हणून आधी प्रमाणीकरण, मग भाषांतर. आपल्या उदाहरणातील ब्रिटनच्या अर्जाला ॲपोस्टिलची गरज नाही, आणि एजंटाने आग्रह धरला तरी त्यापायी खर्च करण्याचे कारण नाही.

भाषांतराच्या वाटेला जाण्याआधी मूळ नोंद असलेल्या कार्यालयात दाखल्याची नवी प्रत मागून पाहावी. आता मिळणाऱ्या प्रती पुष्कळदा मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असतात, आणि सगळा मजकूर इंग्रजीतही असेल तर भाषांतराचा प्रश्नच उरत नाही. येथे दोन सावधगिऱ्या लागतात. काही दाखल्यांत रकान्यांची शीर्षके दोन भाषांत छापलेली असतात, पण भरलेली माहिती केवळ मराठीत असते. अशा दाखल्याला भाषांतर लागतेच. दुसरे असे की, कार्यालयाने स्वतः आडनाव इंग्रजीत लिहून दिले की ती अक्षरे सरकारी नोंद ठरतात, आणि पासपोर्टशी जुळवून घेण्याची भाषांतरकाराची मोकळीक राहत नाही. प्रत हाती पडताच, खिडकीपाशी उभे असतानाच, ‘शहा’च्या शेवटी ‘ए’ आहे की नाही ते पासपोर्टशी ताडून पाहावे आणि फरक दिसला तर तेथेच विचारावे.